१७ टक्के की १२.५ टक्के? शार्प रेशो काढून दोन फंडांची तुलना कशी करावी

एका मिडकॅप योजनेने तीन वर्षांत सरासरी वार्षिक १७ टक्के परतावा दिला आणि शेअर व रोखे यांचे मिश्रण ठेवणाऱ्या एका बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज योजनेने १२.५ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवले की निकाल लागल्यासारखा वाटतो. पण मिडकॅप योजनेने ते १७ टक्के देताना गुंतवणूकदाराला किती हेलकावे दिले, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. हे हेलकावे हिशोबात धरण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे शार्प रेशो. विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या म्युच्युअल फंडांची कामगिरी मोजताना ती मांडली. पुढे १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

आज प्रत्येक फंड घराण्याच्या मासिक फॅक्टशीटमध्ये हा आकडा असतो, आणि बहुतेक जण दोन फॅक्टशीट उघडून मोठा आकडा कोणाचा तेवढे बघतात. ते पुरेसे का नाही, हे पुढे येईलच. आधी तो स्वतः काढू. एक्सेल किंवा गूगल शीट्स येत असेल तर अर्ध्या तासाचे काम आहे. उदाहरणातल्या दोन्ही योजना आणि त्यांचे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत.

आधी सूत्र

योजनेच्या परताव्यातून जोखीम न घेता मिळाला असता तो परतावा वजा करायचा. जे उरते त्याला योजनेच्या चढउताराने भागायचे.

```
Sharpe = (Rp - Rf) / SD
```

`Rp` म्हणजे योजनेचा सरासरी परतावा आणि `Rf` म्हणजे जोखीममुक्त दर. `SD` म्हणजे प्रमाण विचलन, अर्थात महिन्या-महिन्याचे परतावे आपल्या सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचे माप.

जोखीममुक्त दर वजा करण्यामागे साधा विचार आहे. महागाई, रिझर्व्ह बँकेचे धोरण यामुळे जे व्याज कोणालाही घरबसल्या मिळते, त्याचे श्रेय फंड मॅनेजरला कशाला द्यायचे? त्याने पैसे धोक्यात घालून वर काय मिळवले, तेवढेच मोजायचे.

पायरी १ : दोन्ही योजनांचे सारखेच आकडे घ्या

तुलना बहुतेक वेळा इथेच फसते, म्हणून जरा सावकाश.

एनएव्हीचा, म्हणजे योजनेच्या एका युनिटच्या भावाचा, इतिहास अ‍ॅम्फी या फंड उद्योगाच्या संघटनेच्या संकेतस्थळावर आणि फंड घराण्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन्ही योजनांचा एकच प्लॅन घ्या, दोन्ही डायरेक्ट किंवा दोन्ही रेग्युलर. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन खर्चात धरलेले असते, त्यामुळे एका योजनेचा डायरेक्ट आणि दुसरीचा रेग्युलर घेतला तर तो फरक मॅनेजरच्या खात्यावर जातो. पर्याय ग्रोथचाच हवा. लाभांश देणाऱ्या पर्यायात पैसे वाटले त्या दिवशी एनएव्ही तेवढी खाली येते, आणि तुमच्या तक्त्यात ते नुकसान म्हणून नोंदले जाते.

मग प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही उतरवून घ्या. तीन वर्षांसाठी ३६ परतावे लागतात, म्हणजे एनएव्ही ३७ लागतील. तारखा दोन्ही योजनांना त्याच हव्यात. एकीची ३० तारीख आणि दुसरीची २८ तारीख असे झाले, आणि त्या दोन दिवसांत बाजार जोरात हलला असेल, तर ३६ पैकी एक आकडा बिघडलाच.

जोखीममुक्त दर म्हणून काय घ्यावे? रिझर्व्ह बँक दर आठवड्याला ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा लिलाव करते, त्याचा दर चालतो. बऱ्याच फॅक्टशीटमध्ये एका रात्रीच्या कर्जाचा मायबोर हा दर धरलेला असतो. मला अगदी अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या एखाद्या साध्या लिक्विड फंडाचा त्याच महिन्यांचा परतावा घेणे जास्त पटते, कारण तो पर्याय आपल्याला खरोखर उपलब्ध असतो. ट्रेझरी बिल कितीजण घेतात?

एकच ठरावीक दर सगळ्या वर्षांना लावायचा असेल तर काळ बघून लावा. मे २०२० ते मे २०२२ या काळात रेपो दर ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षे तो ६.५ टक्के होता. आज बघितलेला दर २०२१ च्या महिन्यांना चिकटवला तर हिशोब चुकतो, आणि तोही दोन्ही योजनांचा सारखा चुकत नाही. ज्या योजनेचे चढउतार कमी, तिचा रेशो दराच्या बदलाला जास्त हलतो, कारण भाजक लहान असतो. आपल्या उदाहरणात ६.५ टक्के धरून बॅलन्स्ड योजना पुढे येईल, पण दर ८.९ टक्क्यांच्या वर धरला तर त्याच आकड्यांवरून मिडकॅप पुढे जाते.

पायरी २ : शीटमध्ये मांडा

`A` रकान्यात तारीख, `B` रकान्यात मिडकॅप योजनेची एनएव्ही. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणून आकडे `B2` ते `B38` मध्ये बसतील. पुढचे दोन रकाने असे:

```
C3:  =B3/B2-1
D3:  =C3-6.5%/12
```

दोन्ही सूत्रे ३८ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. `C` मध्ये महिन्याचा परतावा येतो आणि `D` मध्ये जोखीममुक्त दर वजा करून उरलेला. एनएव्ही ८४.१० वरून ८६.०५ झाली तर महिन्याचा परतावा २.३२ टक्के. त्यातून ६.५ चा बारावा भाग, म्हणजे ०.५४, वजा केला की उरले १.७८. पुढच्या महिन्यात एनएव्ही ८१.३० वर आली तर परतावा उणे ५.५२, आणि वजाबाकीनंतर उणे ६.०६. पडत्या महिन्यातही जोखीममुक्त दर वजा होतोच, कारण त्या महिन्यात लिक्विड फंडातला पैसा वाढतच होता.

आता तीन सूत्रे बाजूच्या मोकळ्या घरांत लिहा:

```
F2:  =AVERAGE(D3:D38)*12
F3:  =STDEV.S(D3:D38)*SQRT(12)
F4:  =F2/F3
```

सरासरीला १२ ने गुणायचे, पण प्रमाण विचलनाला १२ च्या वर्गमूळाने, म्हणजे साधारण ३.४६ ने. कारण चांगले-वाईट महिने एकमेकांना काही प्रमाणात भरून काढतात, त्यामुळे वर्षाचा चढउतार महिन्याच्या बारापट होत नाही. दोन्हीकडे १२ ने गुणले तर रेशो अजिबात बदलणार नाही, आणि तुमच्या हातात महिन्याचा आकडा वार्षिक समजून येईल.

आणखी एक गोष्ट. `F2` मध्ये साधी सरासरी येते, चक्रवाढ वार्षिक दर नव्हे. फॅक्टशीटमधला सीएजीआर त्याच्याशी जुळला नाही तर घाबरू नका. आपल्या मिडकॅप योजनेचे साध्या सरासरीने १७ टक्के येतात, पण चक्रवाढीने ते साधारण साडेसोळा भरतात. शार्प रेशोत साधी सरासरीच वापरतात. फक्त एका योजनेला साधी आणि दुसरीला चक्रवाढ असे करू नका.

हेच सगळे दुसऱ्या पानावर बॅलन्स्ड योजनेसाठी करा.

पायरी ३ : निकाल वाचा

मिडकॅप योजना: सरासरी १७ टक्के, त्यातून ६.५ गेले, उरले १०.५. प्रमाण विचलन १८ टक्के. शार्प रेशो ०.५८.

बॅलन्स्ड योजना: सरासरी १२.५ टक्के, उरले ६. प्रमाण विचलन ८ टक्के. शार्प रेशो ०.७५.

म्हणजे जोखमीच्या हिशोबात कमी परताव्याची योजना पुढे आहे. १८ आणि ८ या विचलनांचा खिशाशी काय संबंध, तेही बघा. मिडकॅप योजनेचा एखादा बराच वाईट महिना साधारण ९ टक्क्यांनी खाली नेतो, बॅलन्स्डचा तितकाच दुर्मीळ वाईट महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास. पाच लाख गुंतवले असतील तर एका महिन्यात ४५ हजारांची घट आणि १८ हजारांची घट, एवढा फरक.

फॅक्टशीटमधले तयार आकडे वापरायचे असतील तर इथेच ताडून बघा. दोन घराण्यांच्या फॅक्टशीटमध्ये शार्प रेशोखाली बारीक अक्षरात टीप असते: किती काळाचे आकडे, कोणता जोखीममुक्त दर, वार्षिक की मासिक. इक्विटी योजनेचे प्रमाण विचलन १२ ते २० च्या दरम्यान दिसले तर ते वार्षिक आहे. साडेतीन ते पाच-साडेपाच दिसले तर बहुधा मासिक आहे, आणि मग शार्प रेशोसुद्धा मासिक असण्याचीच शक्यता जास्त. त्याला ३.४६ ने गुणल्याशिवाय दुसऱ्या योजनेच्या वार्षिक आकड्याशेजारी ठेवू नका. आपल्याच मिडकॅप योजनेचा मासिक रेशो ०.१७ आहे. कोणी तो बॅलन्स्डच्या ०.७५ शेजारी मांडला तर मिडकॅप मॅनेजरची उगाच बदनामी होईल.

पायरी ४ : रेशोचे रुपये करा

०.५८ आणि ०.७५ मधला फरक मोठा की छोटा? नुसत्या आकड्यावरून कोणालाच सांगता येत नाही. ही अडचण अर्थशास्त्रज्ञ फ्रँको मोदिग्लियानी आणि त्यांची नात लिआ मोदिग्लियानी यांनी १९९७ मध्ये सोडवली. त्यांची युक्ती अशी की आधी दोन्ही योजनांची जोखीम सारखी करायची आणि मग परतावे बघायचे.

मिडकॅप योजनेची जोखीम कमी करणे सोपे आहे. काही पैसे तिच्यात आणि बाकीचे लिक्विड फंडात ठेवायचे. किती? ८ भागिले १८, म्हणजे ४४.४ टक्के मिडकॅपमध्ये. एक लाखातले ४४,४४४ रुपये मिडकॅपमध्ये आणि ५५,५५६ लिक्विडमध्ये ठेवले तर एकूण चढउतार बॅलन्स्ड योजनेइतकाच, ८ टक्के होतो. आता या मिश्रणाची कमाई बघा. मिडकॅपच्या भागाचे १७ टक्क्यांनी ७,५५५ आणि लिक्विडचे ६.५ टक्क्यांनी ३,६११, मिळून ११,१६६ रुपये. बॅलन्स्ड योजनेने त्याच जोखमीत १२,५०० दिले असते. म्हणजे शार्प रेशोतला तो फरक लाखामागे वर्षाला सुमारे १,३३० रुपयांचा आहे. हा कर वगळून केलेला हिशोब आहे, आणि मिश्रणाचे प्रमाण अधूनमधून परत जुळवावे लागेल हेही धरलेले नाही.

शार्प रेशोचा खरा अर्थ एवढाच: लिक्विड फंड हाताशी असताना सारख्या जोखमीला कोण जास्त देतो.

आता उलटे करून बघू. मला १८ टक्क्यांचे चढउतार चालतात, मग बॅलन्स्ड योजनेतून तेवढी जोखीम घेऊन जास्त कमावता येईल का? कागदावर येईल. एक लाख स्वतःचे, सव्वा लाख कर्जाचे, आणि सगळे सव्वादोन लाख बॅलन्स्ड योजनेत. वर्षाचे २८,१२५ रुपये मिळाले. कर्ज ६.५ टक्क्यांनी मिळाले असते तर व्याज ८,१२५ आणि हातात २०,०००, म्हणजे २० टक्के. मिडकॅपच्या १७ पेक्षा जास्त! पण आपल्याला त्या दराने कर्ज देणारा कोण आहे? वैयक्तिक कर्ज ११ टक्क्यांनी धरले तर व्याज १३,७५० जाते आणि १४,३७५ उरतात. मिडकॅप परत पुढे.

म्हणून शार्प रेशो खाली यायला मदत करतो, वर चढायला करत नाही. ज्याला जोखीम कमी ठेवायची आहे त्याच्यासाठी तो सरळ उत्तर देतो. ज्याची पंधरा वर्षे थांबायची तयारी आहे आणि पडझडीत ज्याचा हात विक्रीच्या बटणाकडे जात नाही, त्याला ०.५८ ची योजना ०.७५ च्या योजनेपेक्षा जास्त पैसे देऊ शकते. ती निवडण्यात काही गैर नाही.

पायरी ५ : काळाची खिडकी सरकवून बघा

तीन वर्षांचा आकडा कोणत्या महिन्यापासून सुरू होतो, यावर फार काही ठरते. किती, ते निफ्टी ५० वरूनच दिसते. फेब्रुवारी २०२० अखेर निफ्टी ११,२०१.७५ वर होता आणि मार्च २०२० अखेर ८,५९७.७५ वर. एका महिन्यात २३ टक्क्यांची घसरण, आणि लगेच एप्रिलमध्ये जवळजवळ १५ टक्क्यांची उसळी.

आता फेब्रुवारी २०२३ अखेरच्या फॅक्टशीटची कल्पना करा. तिची ३६ महिन्यांची खिडकी मार्च २०२० पासून सुरू होते, म्हणजे कोसळलेला महिना आत आहे. त्या तीन वर्षांत निफ्टीची वार्षिक वाढ १५.६ टक्के येते. पुढच्याच महिन्याच्या फॅक्टशीटची खिडकी एप्रिल २०२० पासून सुरू होते. आता वाढ येते २६.४ टक्के. मधल्या महिन्यात बाजार जागचा फारसा हललाही नव्हता. १७,३०३.९५ चा १७,३५९.७५ झाला, एवढेच. पण सगळ्यात वाईट महिना खिडकीतून बाहेर पडला, परतावा वाढला आणि प्रमाण विचलनही खाली आले. शार्प रेशोचा अंश वाढला आणि भाजक घटला. कोणत्याही मॅनेजरने काहीही न करता सगळ्यांचेच आकडे सुधारले.

त्यामुळे एका खिडकीवर थांबू नका. नऊ वर्षांच्या एनएव्ही मिळत असतील तर तीन-तीन वर्षांचे तीन वेगळे तुकडे करून प्रत्येकाचा रेशो काढा. दर महिन्याला एक पाऊल सरकणाऱ्या खिडक्याही काढता येतात आणि आलेख छान दिसतो. पण शेजारच्या दोन खिडक्यांतले ३५ महिने तेच असतात, तेव्हा "७२ पैकी ६० वेळा पुढे" अशा दाव्याला ६० वेगळे पुरावे समजू नका.

समजा आपल्या दोन योजनांचे तीन तुकडे असे आले: पहिल्या तीन वर्षांत मिडकॅप ०.९२ आणि बॅलन्स्ड ०.८१, दुसऱ्यात ०.२१ आणि ०.४४, तिसऱ्यात वर काढलेले ०.५८ आणि ०.७५. यातून स्वभाव कळतो. तेजीत मिडकॅप थोडी पुढे जाते, बाजार अडखळला की बॅलन्स्ड बरीच पुढे जाते. एका सरासरी आकड्यापेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची.

जुने तुकडे बघताना योजना तेव्हाही तीच होती ना, हे तपासा. सेबीने ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने योजनांचे प्रकार ठरवून दिले आणि २०१८ मध्ये अनेक योजनांची नावे आणि गुंतवणुकीचे नियम बदलले. त्याआधीची एनएव्ही कधी कधी वेगळ्याच पद्धतीने चालणाऱ्या योजनेची असते.

पायरी ६ : फरक खरा आहे का, ते विचारा

फॅक्टशीटमध्ये सहसा न छापली जाणारी गोष्ट म्हणजे या आकड्यातली अनिश्चितता. तिचा ढोबळ अंदाज काढायला एकच भागाकार लागतो. १ ला वर्षांच्या वर्गमूळाने भागा. तीन वर्षांसाठी १ भागिले १.७३, म्हणजे ०.५८. नऊ वर्षांसाठी ०.३३.

आपल्या मिडकॅप योजनेचा रेशो ०.५८ आणि त्यातली अनिश्चितताही ०.५८! म्हणजे योजनेचे खरे सामर्थ्य शून्याजवळही असू शकते आणि एकच्या वरही. नशिबाने मिळालेले तीन-चार चांगले महिने इतका फरक पाडतात.

दोन योजनांची तुलना थोडी बरी असते. दोन्ही शेअर बाजाराबरोबर वर-खाली होतात, त्यामुळे बाजाराचे नशीब दोघींच्या वाट्याला बरेचसे सारखे येते आणि फरक काढताना रद्द होते. दोघींचे मासिक परतावे `=CORREL()` मध्ये टाका. येणारा आकडा म्हणजे सहसंबंध, दोघी किती एकत्र हलतात त्याचे माप. तो ०.८५ आला, तर फरकातली अनिश्चितता साधारण ०.३२ होते. आपला फरक ०.१७ होता, म्हणजे अनिश्चिततेच्या जेमतेम निम्मा. तीन वर्षांच्या आकड्यांवरून बॅलन्स्ड योजना सरस आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. इतकेच म्हणता येते की जास्त परतावा दिसत असूनही मिडकॅप योजना सरस ठरलेली नाही.

मी स्वतः तीन वर्षांच्या रेशोत ०.२ पेक्षा कमी फरक असेल तर दोन्ही योजना बरोबरीत धरतो आणि खर्चाचे प्रमाण बघतो. खर्च आधीच माहीत असतो, त्यात नशिबाचा भाग नसतो.

जिथे हा रेशो वापरू नये

पहिली जागा म्हणजे मंदीनंतरचा काळ, जेव्हा योजनांचा परतावा जोखीममुक्त दराच्याही खाली असतो. समजा मिडकॅपने ३ टक्के दिले आणि बॅलन्स्डने ४. पहिलीचा रेशो उणे ३.५ भागिले १८, म्हणजे उणे ०.१९. दुसरीचा उणे २.५ भागिले ८, म्हणजे उणे ०.३१. आकड्याने मिडकॅप वरचढ दिसते, पण तिने कमीही दिले आणि जास्त हेलकावेही दिले. रेशो उणे असेल तर क्रमवारी लावूच नका. परतावा आणि विचलन वेगवेगळे वाचा.

दुसरी जागा म्हणजे लिक्विड आणि आर्बिट्राज योजना. लिक्विड फंडाने जोखीममुक्त दरापेक्षा ०.३ टक्के जास्त दिले आणि विचलन ०.२ टक्के असले तर रेशो १.५ येतो, कोणत्याही इक्विटी योजनेच्या वर. तेच फंडाने ०.३ कमी दिले तर उणे १.५. भाजक इतका लहान झाला की आकड्याला अर्थ उरत नाही.

तिसरी जागा जास्त धोक्याची आहे, कारण तिथे आकडा सुंदर दिसतो. काही रोखे योजना पत कमी असलेल्या कंपन्यांचे रोखे घेतात. या रोख्यांची रोज खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे एनएव्ही दर महिन्याला अगदी सरळ रेषेत चढते. विचलन कमी, व्याज जास्त, शार्प रेशो देखणा. जोखीम मात्र विचलनात दिसतच नाही, ती हप्ता चुकण्याच्या एखाद्या तारखेची वाट बघत असते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने हप्ते थकवले, जून २०१९ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीने व्याज थकवले, आणि तेव्हा एका रोखे योजनेची एनएव्ही एकाच दिवसात निम्म्याहून खाली आली. आधीच्या ३६ परताव्यांवरून काढलेल्या विचलनातून एवढी मोठी घसरण कळली नसती.

हे ओळखायचे कसे? रोखे योजनेचा रेशो तिच्याच प्रकारातल्या इतर योजनांच्या दुप्पट-तिप्पट दिसला की रेशो बाजूला ठेवून फॅक्टशीटमधला पोर्टफोलिओ उघडा. रोख्यांची पत बघा. ट्रिपल ए आणि सरकारी रोखे किती, ए आणि त्याखालचे किती, आणि एकाच उद्योगसमूहात किती टक्के पैसा आहे. समभागांच्या योजनेत ही अडचण कमी असते, कारण शेअरचा भाव रोज बाजार ठरवतो. तरी फार छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या योजनेत भाव छापलेला असला तरी त्या भावाला मोठा साठा विकता येईलच असे नाही, आणि ते प्रमाण विचलनाला कळत नाही.

मग आपल्या दोन योजनांपैकी कोणती?

तीन-चार वर्षांनी लागणारा पैसा असेल आणि थोडी इक्विटी हवीच असेल, तर बॅलन्स्ड. सारख्या जोखमीत तिने लाखामागे तेराशे रुपये जास्त दिले, अडखळत्या बाजारात तिचा आकडा टिकला, आणि फरक नशिबाचा निघाला तरी तुम्ही फारसे काही गमावत नाही.

पंधरा वर्षांची एसआयपी असेल तर शार्प रेशो इथे शेवटचा शब्द नाही. मिडकॅप योजनेची तुलना मग बॅलन्स्डशी न करता दुसऱ्या दोन-तीन मिडकॅप योजनांशी आणि निफ्टी मिडकॅप १५० च्या इंडेक्स फंडाशी करा. शीट तीच, फक्त आणखी एक पान. चढउतार साधारण सारखे असल्याने तिथे रेशोतला फरक मुख्यतः परताव्याचा असतो, आणि सहसंबंध ०.९५ च्या आसपास असेल तर अनिश्चितताही ०.१८ पर्यंत खाली येते. नऊ वर्षांचे आकडे मिळाले तर ती ०.१ वर येते. इंडेक्स फंडापेक्षा तुमच्या योजनेचा रेशो तेवढ्यानेही जास्त येत नसेल, तर तिच्या जादा खर्चाचे पैसे तुम्ही कशासाठी देता आहात, हे वितरकाला विचारायला हरकत नाही.